कॉफी मशीनमधून कॉफी हळू येतेय आणि कडू लागतेय? डीस्केलिंगच्या आधी या ३ टेस्ट करा

घरचं एस्प्रेसो मशीन, म्हणजे ज्याला दांड्याचा पोर्टाफिल्टर असतो आणि आत छोटा पंप असतो ते, हळू चालायला लागलं की बहुतेक जण पहिली गोष्ट करतात ती म्हणजे डीस्केलिंग, म्हणजे पाण्यातले आत साचलेले क्षार अ‍ॅसिडने विरघळवून काढणं. मीपण तेच केलं होतं. माझ्या मशीनचा शॉट, म्हणजे एका वेळचा एस्प्रेसो, आधी साधारण २८ सेकंदात यायचा, तो हळूहळू करत ५५ सेकंदांवर गेला, चव इतकी कडू की दूध घातलं तरी जिभेच्या मागच्या बाजूला ती कडवट चव बराच वेळ राहायची. अख्खी दुपार घालवून डीस्केलिंग केलं, टाकी ३ वेळा धुतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शॉट परत ५५ सेकंद. कारण प्रॉब्लेम क्षारांचा नव्हताच, प्रॉब्लेम पोर्टाफिल्टरमधल्या कॉफी भरायच्या वाटीच्या, म्हणजे बास्केटच्या, तळाशी असलेल्या सुईच्या टोकाएवढ्या भोकात होता.

म्हणून हे सगळं नीट लिहितोय. पाणी टाकीतून निघतं, पंपातून जातं, गरम होतं, व्हॉल्व्हमधून ग्रुप हेडला, म्हणजे पोर्टाफिल्टर जिथे लॉक होतो तिथे येतं, शॉवर स्क्रीन नावाच्या जाळीतून कॉफीवर पडतं आणि बास्केटच्या भोकांतून कपात येतं. या रस्त्यात पाणी नक्की कुठे अडतंय हे आधी शोधायचं, मगच सफाईला हात घालायचा. शोधायला १० मिनिटं पुरतात, मशीन उघडावंही लागत नाही.

हळू आणि कडू यांचा संबंध काय

पाणी कॉफीत जास्त वेळ राहिलं की आधी आंबट आणि गोड चवी उतरतात आणि शेवटी कडू, तुरट चवी उतरतात. साधारण हिशोब असा की १८ ग्रॅम कॉफी घातली तर कपात ३६ ग्रॅमच्या आसपास एस्प्रेसो २५ ते ३० सेकंदात यावा. तोच ५०-५५ सेकंद घेत असेल तर तो शेवटचा कडू भाग सगळा तुमच्या कपात आलेला असतो, म्हणजे हळू येणं आणि कडू लागणं हा बऱ्याचदा एकच प्रॉब्लेम असतो.

पण कडू चवीचं अजून एक कारण असतं आणि ते वेळेशी संबंधित नसतं. कॉफीत तेल असतं, ते शॉवर स्क्रीनवर आणि बास्केटच्या आत चिकटतं, रोज गरम होतं आणि खवट होतं. ही चव वेगळी ओळखता येते, ती नुसती कडू नसते, जुन्या तेलासारखी, थोडी करपट लागते. ओळखायची सोपी पद्धत म्हणजे पोर्टाफिल्टर काढा, ग्रुपमधून थोडं गरम पाणी पांढऱ्या कपात घ्या, थंड होऊ द्या आणि वास घेऊन एक घोट चाखा. पाणी पिवळसर असेल किंवा वर बारीक तवंग दिसत असेल, तर कितीही चांगली कॉफी आणा, ती याच पाण्यातून येणार आहे. (डीस्केलिंग नुकतंच केलं असेल तर ही टेस्ट मशीन नीट धुतल्यावरच करा, अ‍ॅसिड तोंडात जायला नको.)

आणि क्षारांबद्दल एक गोष्ट बरेच जण उलटी समजतात. नुसते क्षार साचले तर कॉफी कडू होतेच असं नाही. हीटिंगच्या भागावर क्षारांचा थर बसला की उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, पाणी कोमट राहतं आणि कॉफी उलट आंबट, पचपचीत लागते. क्षारांमुळे पाण्याचा रस्ता अरुंद झाला तर कॉफी हळू येते, हे खरं. पण हळू आणि नुसती कडू कॉफी येत असेल तर माझा पहिला संशय बास्केट आणि ग्राइंडवर, म्हणजे कॉफी किती बारीक दळलीय त्यावर, असतो.

टेस्ट १: पोर्टाफिल्टर न लावता

मशीन पूर्ण गरम होऊ द्या. पोर्टाफिल्टर काढून ठेवा, ग्रुपच्या खाली मापाचं भांडं धरा आणि बटण दाबून बरोबर १० सेकंद पाणी सोडा. पाणी गरम असतं, हात लांब ठेवा. किती मिली आलं ते लिहून ठेवा.

घरगुती मशीनमध्ये हा आकडा ६० ते १०० मिलीच्या मधे कुठेतरी येतो, पण मशीननुसार तो बराच बदलतो, त्यामुळे मशीन नवीन असताना किंवा व्यवस्थित चालत असताना हा आकडा एकदा मोजून ठेवणं सगळ्यात उपयोगी. तो नसेल तर डोळ्यांनी बघा. पाणी शॉवर स्क्रीनच्या सगळ्या भागातून सरीसारखं पडतंय का, की एका बाजूने धार आणि दुसरी बाजू कोरडी? एका बाजूने येत असेल तर स्क्रीन तुंबलीय.

इथे धार बारीक असेल तर लगेच दुसरी गोष्ट करा, दूध फेसाळायच्या स्टीम वँडमधून गरम पाणी सोडता येत असेल तर तिथूनही १० सेकंद पाणी घ्या (गरम पाण्याची वेगळी तोटी असेल तर तिथून घ्या). वँडमधून जोरात येतंय आणि ग्रुपमधून बारीक, तर पंप ठीक आहे, अडथळा ग्रुपच्या बाजूला आहे, म्हणजे शॉवर स्क्रीन किंवा तिच्यामागचा व्हॉल्व्ह. दोन्हीकडून बारीक येत असेल तर अडथळा त्याच्याही आधीच्या रस्त्यात आहे, टाकीच्या जाळीत, पंपात किंवा हीटिंगच्या नळीत, आणि डीस्केलिंगची वेळ ही असते.

माझ्या मशीनमध्ये या टेस्टला ७५ मिली पाणी आलं, सगळीकडून सारखं. म्हणजे ग्रुपपर्यंतचा रस्ता मोकळा होता. हे मी आधी बघितलं असतं तर ती दुपार वाचली असती.

टेस्ट २: रिकामी बास्केट लावून

आता पोर्टाफिल्टरमध्ये बास्केट घाला, कॉफी घालू नका, नीट लॉक करा आणि परत १० सेकंद.

इथे तुमची बास्केट कुठल्या प्रकारची आहे ते माहीत पाहिजे. उलटी करून तळ बघा. तळाला शेकडो बारीक भोकं दिसली तर ती सिंगल वॉल बास्केट. आतून शेकडो भोकं पण बाहेरून एकच बारीक भोक दिसलं तर ती डबल वॉल, म्हणजे प्रेशराइज्ड बास्केट. बऱ्याच घरगुती मशीनसोबत डबल वॉल येते, कारण तिच्यात प्रेशर कॉफीच्या थरामुळे कमी आणि त्या एका भोकामुळे जास्त तयार होतं, त्यामुळे पॅकेटमधली तयार पावडरसुद्धा चालते. पण त्याचीच दुसरी बाजू ही की सगळी कॉफी त्या एका भोकातून येते, आणि दोन तळांच्या मधल्या फटीत कॉफीचा भुगा आणि तेल अडकून घट्ट बसतं जे बाहेरून दिसतच नाही.

सिंगल वॉल असेल तर उजेडाकडे धरून बघा, बंद भोकं काळी दिसतात. आणि रिकामी सिंगल वॉल लावल्यावर पाणी जवळपास टेस्ट १ इतकंच यायला हवं. डबल वॉलमध्ये उजेड दिसत नाही आणि रिकामी असली तरी पाणी कमीच येतं, तिथे तुलना करायला दुसरी बास्केट लागते. माझ्याकडे बॉक्समध्ये आलेली सिंगल कपची बास्केट होती, एकदाही न वापरलेली. तिच्यातून १० सेकंदात ३५ मिली आलं. रोजच्या वापरातल्या बास्केटमधून १२ मिली, आणि तेसुद्धा सरळ नाही, धार तिरकी जाऊन कपाच्या कडेवर आपटत होती. तिरकी धार ही भोक अर्धवट बंद असल्याची अगदी पक्की खूण.

एक सांभाळा, बास्केट तुंबलेली असेल तर पंप बंद केल्यावरही आत प्रेशर राहतं. पोर्टाफिल्टर लगेच फिरवून काढला तर गरम पाणी आणि गाळ हातावर उडतो. निदान एक-दोन मिनिटं थांबा, मग फडकं धरून सावकाश सैल करा.

टेस्ट ३: कॉफी घालून

पहिल्या दोन्ही टेस्ट ठीक आल्या आणि तरी कॉफी घातल्यावरच हळू येत असेल तर मशीनला दोष नाही. ग्राइंड फार बारीक आहे किंवा बास्केटमध्ये कॉफी जास्त भरली जातेय. वजन करा, अंदाजाने चमच्याने घालू नका, कारण कॉफी थोडी बारीक झाली की त्याच चमच्यात जास्त मावते. ग्राइंड एक टप्पा जाड करा, बाकी काहीच बदलू नका, परत वेळ मोजा. डबल वॉल बास्केटला सिंगल वॉलएवढी बारीक कॉफी मुळीच चालत नाही, ती त्या मधल्या फटीत जाऊन बसते आणि आपण परत बास्केट साफ करायला बसतो.

बास्केट कशी साफ करायची

बास्केट पोर्टाफिल्टरमधून बाहेर काढा (चमच्याच्या कडेने उचकटली की निघते, आत एक स्प्रिंगची तार असते). एका भांड्यात अर्धा लिटर खूप गरम पाणी घ्या, त्यात कॉफी मशीनसाठी मिळते ती क्लीनिंग पावडर अर्धा टीस्पून घाला आणि बास्केट ३० मिनिटं बुडवून ठेवा. पाणी तपकिरी होत जातं, ते सगळं जुनं तेल. डीस्केलर इथे उपयोगाचा नाही हे लक्षात घ्या, डीस्केलर अ‍ॅसिड असतो, तो क्षार विरघळवतो, तेल नाही. तेलाला ही अल्कलीवाली पावडर लागते. आणि दोन्ही एकत्र कधीच करू नका.

फक्त स्टीलचे भाग बुडवा. अ‍ॅल्युमिनियमचा पोर्टाफिल्टर या पावडरमध्ये काळा पडतो, आणि हँडल तर कुठल्याच पाण्यात भिजवायचं नाही.

भिजल्यावर डबल वॉलचं ते एकमेव भोक बारीक पिनने मोकळं करा. काही मशीनसोबत ही पिन येते, नसेल तर सगळ्यात बारीक सुई. बाहेरून आत घालायची, हलक्या हाताने, गोल फिरवायची नाही. भोक जरा जरी मोठं झालं तर प्रेशर कायमचं कमी होतं आणि कॉफी पाणचट येते, मग नवीन बास्केटच घ्यावी लागते. पिन घातल्यावर बास्केट नळाखाली उलटी धरून धुवा, म्हणजे भुगा आला तसा परत बाहेर जाईल. मी हे केलं तेव्हा आतून काळा, ओल्या मातीसारखा गाळ निघाला, तीन वेळा. चौथ्या वेळी पाणी स्वच्छ आलं, परत १० सेकंदाची टेस्ट केली तर ३४ मिली आणि धार सरळ.

त्यानंतर शॉट ५५ वरून ३८ सेकंदांवर आला. अजून हळूच, पण आता दुसरं कारण दिसायला लागलं, मी मधल्या काळात कॉफी हळू येतेय हे लक्षात न घेता नवीन पाकीट आधीच्याच बारीक ग्राइंडवर दळत होतो. दोन टप्पे जाड केलं, २९ सेकंद. कडवटपणा बराच गेला, पण तो खवट वास थोडा राहिला होताच, तो गेला शॉवर स्क्रीन काढल्यावर.

शॉवर स्क्रीन आणि बॅकफ्लश

मशीन बंद करून, प्लग काढून, पूर्ण थंड होऊ द्या. बऱ्याच मशीनमध्ये स्क्रीनच्या मधोमध एक स्क्रू असतो, तो काढला की जाळी खाली येते. मागे काय साचलंय ते बघून पहिल्यांदा धक्का बसतो, जाळीच्या वरच्या बाजूला कॉफीचा चिकट काळा थर असतो. जाळी आणि स्क्रू बास्केटसारखेच भिजवा, ग्रुपचा आतला भाग आणि रबरी गॅस्केट ओल्या ब्रशने घासून घ्या. गॅस्केट कडक, तडकलेली असेल तर बदला. लावताना स्क्रू हाताने घट्ट, उगाच जोर लावायचा नाही.

बॅकफ्लश म्हणजे पावडरचं पाणी ग्रुपमधून उलटं फिरवून व्हॉल्व्हवाटे बाहेर ढकलणं, आणि तुमच्या मशीनला थ्री-वे सोलेनॉइड व्हॉल्व्ह असेल तरच ते करा. ओळखायचं कसं, तर शॉट थांबवला की लगेच फुस्स आवाज होतो, ड्रिप ट्रेमध्ये वेगळ्या नळीतून थोडं पाणी पडतं आणि पोर्टाफिल्टर काढल्यावर कॉफीची चकती बऱ्यापैकी कोरडी निघते. असं असेल तर भोकं नसलेली ब्लाइंड बास्केट लावा, त्यात पाव टीस्पून क्लीनिंग पावडर, १० सेकंद पंप चालू, १० सेकंद बंद, असं ५-६ वेळा, आणि मग पावडर न घालता तेवढेच वेळा साध्या पाण्याने. हा व्हॉल्व्ह नसलेल्या मशीनला ब्लाइंड बास्केट लावू नका, प्रेशर बाहेर जायला वाटच नसते.

डीस्केलिंग, जेव्हा खरंच लागतं तेव्हा

टेस्ट १ मध्ये दोन्हीकडून पाणी कमी आलं, मशीन गरम व्हायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतोय, घरातल्या किटलीत पांढरा थर बसतो, तर डीस्केलिंग करायलाच हवं. कंपनीने सांगितलेला डीस्केलर असेल तर तोच वापरा, आणि आतला बॉयलर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर नक्कीच तोच, घरगुती अ‍ॅसिडचे प्रयोग तिथे नकोत. मॅन्युअलमध्ये सिट्रिक अ‍ॅसिड चालतं असं लिहिलं असेल तर १ लिटर पाण्यात २० ग्रॅम, वजन करून. कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा. फार उकळतं द्रावण करून उपयोग होत नाही, जास्त गरम झालं तर सिट्रिक अ‍ॅसिड क्षारांशी मिळून स्वतःच पांढरा गाळ तयार करू शकतं. व्हिनेगर मी वापरत नाही, वास बरेच दिवस जात नाही आणि रबराच्या भागांना ते चांगलं नाही.

टाकीतला पाण्याचा फिल्टर काढा. शॉवर स्क्रीनसुद्धा काढून ठेवा, हे फार जण करत नाहीत. आतून सुटलेले क्षारांचे कण खाली येतात आणि स्क्रीनमध्ये अडकतात, मग डीस्केलिंगनंतर मशीन आधीपेक्षा हळू झालं असं वाटतं.

द्रावण टाकीत भरा. मशीनमध्ये डीस्केलिंग प्रोग्राम असेल तर तो चालवा. नसेल तर मशीन चालू करून लगेच, म्हणजे पूर्ण तापायच्या आधी, ग्रुपमधून १०० मिली सोडा, वँडमधून थोडं सोडा, आणि मशीन बंद करून १५ मिनिटं तसंच ठेवा. अ‍ॅसिडला काम करायला हा वेळ लागतो, सगळं एका दमात सोडून दिलं तर आत काही होत नाही. परत १०० मिली, परत १५ मिनिटं, टाकी संपेपर्यंत. पंप एका वेळी मिनिटभरापेक्षा जास्त सलग चालवू नका, हे छोटे व्हायब्रेशन पंप लवकर तापतात, मिनिटभर विश्रांती द्या.

मग टाकी धुऊन किमान २ टाक्या साधं पाणी ग्रुप आणि वँड दोन्हीतून. आता टेस्ट १ परत करा. आकडा वाढला तर क्षारच होते. थोडाच वाढला तर आठवड्याने अजून एकदा करा, एकाच दिवशी द्रावण दुप्पट कडक करू नका.

पंप आणि प्रेशर

बॉक्सवर १५ बार लिहिलेलं असतं ते पंपाचं जास्तीत जास्त प्रेशर, कॉफीला साधारण ९ बार लागतं. प्रेशर दाखवणारं गेज असेल तर त्याचा काटा आणि धार एकत्र वाचा. काटा वर आणि कॉफी हळू, म्हणजे पंप जोर लावतोय पण पुढे वाट बंद आहे, कॉफी बारीक किंवा बास्केट तुंबलेली. पोर्टाफिल्टर न लावताही काटा वर चढत असेल तर अडथळा मशीनच्या आत, गेजच्या पुढे. काटा खाली आणि कॉफीही हळू, तर पाणी पोचतच नाहीये. काटा खाली आणि कॉफी भराभर, तर फक्त ग्राइंड जाड आहे.

गेज नसेल तर कान वापरा. पुढे अडथळा असला की पंपाचा आवाज जड, दबलेला येतो. आवाज एकदम मोठा, मोकळा खडखडाट असा आणि पाणी येत नाही, तर पंपात हवा अडकलीय. टाकी काढून परत नीट दाबून बसवा, टाकीच्या तळाची जाळी धुवा, नवीन फिल्टर असेल तर तो पाण्यात बुडवून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेवा, मग गरम पाण्याचा नॉब उघडून पंप १५-२० सेकंद चालवा. बऱ्याचदा दोन-तीन वेळात पाणी सुरू होतं.

जाळी स्वच्छ, हवा काढली, डीस्केलिंग झालं, आणि तरी वँड व ग्रुप दोन्हीकडून धार बारीक, काटा ब्लाइंड बास्केट लावूनही ९ पर्यंत जात नाही (ती लावायची ते थ्री-वे व्हॉल्व्ह असेल तरच), तर पंप थकलाय. तो बदलण्यासाठी मशीन उघडावं लागतं, आत वीज आणि पाणी शेजारी शेजारी असतात, ते काम मेकॅनिककडे द्या. त्याला टेस्टचे तुमचे तिन्ही आकडे कागदावर लिहून द्या, त्याचा शोधायचा वेळ वाचतो आणि न लागणारा पार्ट बदलला जात नाही.